कंपनीच्या नावाने एक बिल टाका

चाकणच्या आंबेठाण चौकात संध्याकाळी गाड्या अडकल्या की पहिला फायदा हॉटेलवाल्यांचा होतो. पुणे-नाशिक महामार्गावर तासभर एकाच ट्रकचं मागचं फाळकं वाचत बसलेला माणूस शेवटी घरच्या पोळीभाजीवर पाणी सोडतो आणि समोर दिसेल त्या ‘फॅमिली गार्डन रेस्टॉरंट’मध्ये गाडी घालतो. महाळुंगे असो, कुरुळी असो, नाहीतर इकडे भोसरी-मोशी. एमआयडीसीत जमीन गेली की राहिलेल्या तुकड्यावर हॉटेल उभं करायचं, हा आमच्या पट्ट्यातला रिवाज आहे. या सगळ्या हॉटेलांत, मेनू कोणताही असला तरी, बडीशेपेबरोबर एक वाक्य हमखास ऐकू येतं : “भाऊ, कंपनीच्या नावाने एक बिल टाका. जीएसटीचं.”

मी कर सल्लागार आहे. माझी निम्मी पक्षकार मंडळी हॉटेलवाली. त्यामुळे लोक जसा मेनू वाचतात तसं मी बिल वाचतो. वरून खाली, एकही ओळ न सोडता. घरचे माझ्याबरोबर बाहेर जेवायला यायला नाखूश असतात, कारण बिल आलं की त्यांचं आइस्क्रीम वितळेपर्यंत माझं वाचन संपत नाही. पण वाचणाराला हॉटेलचं बिल जे देतं ते मेनू देत नाही. मालक, मॅनेजर, गिऱ्हाईक आणि सरकार या चौघांच्या समजुती त्या तीन इंची कागदावर एकत्र नांदत असतात आणि त्यातल्या किमान दोन चुकीच्या असतात.

सुरुवात माथ्यापासून करू. वर हॉटेलचं नाव, पत्ता आणि त्याखाली पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर. महाराष्ट्रातला असेल तर तो 27 ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरं मालकाच्या पॅनची. हा नंबर दिसला की गिऱ्हाईक समाधानाने मान डोलावतं. वास्तविक त्या नंबरामागे दोन प्रकारचे हॉटेलवाले असू शकतात. एक नेहमीचा करदाता. तो ‘टॅक्स इन्व्हॉइस’ देतो आणि गिऱ्हाईकाकडून पाच टक्के घेतो, अडीच केंद्राचे, अडीच राज्याचे. दुसरा कंपोझिशनवाला. वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर त्याला ही सवलत घेता येते. तोही पाच टक्केच भरतो, पण स्वतःच्या खिशातून. त्याने द्यायचं ते ‘बिल ऑफ सप्लाय’, आणि त्यावर आपण कंपोझिशनमध्ये आहोत, आपल्याला कर गोळा करता येत नाही, असं छापायचं.

आता हे छापायचं म्हणजे आपणच आपल्या बिलावर आपली पत कमी करून घ्यायची, असं आमच्या एका शेठना वाटतं. ते म्हणाले, “साहेब, बाजूच्या हॉटेलच्या बिलावर सीजीएसटी, एसजीएसटी असं दोन-दोन ओळीत येतं. आमचं बिल बोडकं दिसतं.” म्हणून त्यांनी शोभेसाठी दोन ओळी घातल्या. शोभेबरोबर पैसेही येऊ लागले. मी हरकत घेतली तर म्हणाले, “पाच टक्के मी सरकारला भरतोच ना? मग ते गिऱ्हाईकाकडून घेतले तर बिघडलं कुठे?” बिघडलं ते असं की कर म्हणून गिऱ्हाईकाकडून घेतलेला प्रत्येक रुपया सरकारजमा करावाच लागतो, तो घ्यायचा अधिकार असो वा नसो. म्हणजे कंपोझिशनचे पाच खिशातून भरायचे ते वेगळे आणि शोभेचे पाच सरकारला द्यायचे ते वेगळे, वर दंड. गिऱ्हाईकाला हे ओळखायचं असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर ‘Search Taxpayer’ मध्ये बिलावरचा नंबर टाकावा. समोरचा नेहमीचा की कंपोझिशनवाला, हे तिथे लगेच दिसतं. आणि जीएसटी नंबरच नसेल, तर कराची ओळ असण्याचा प्रश्नच नाही. वीस लाखांच्या आतल्या खानावळीला नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे कर घेण्याचा हक्कही नाही.

काही ठिकाणी अजून ‘एसी हॉल 18 टक्के’ अशी पाटी भेटते. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा एसीला 18 आणि बिगर एसीला 12 टक्के होते, हे खरं. पण त्याच वर्षी 15 नोव्हेंबरपासून दोन्हीकडे पाच झाले, आणि बदल्यात हॉटेलवाल्याचं इनपुट क्रेडिट गेलं. 18 टक्के उरले ते मोठ्या भाड्याच्या निवासी हॉटेलांतल्या रेस्टॉरंटना. म्हणजे खऱ्या अर्थाने एसी जेमतेम साडेचार महिने महाग होता. आमच्याकडे तो एसी केव्हाच बंद पडलाय, कॉम्प्रेसर भंगारात गेलाय, पण पाटी भिंतीवर आहे.

माथ्याखाली येतो बिल नंबर. नियम साधा आहे : नंबर ओळीने हवा, सोळा अक्षरांपेक्षा मोठा नको आणि एका आर्थिक वर्षात तो परत यायला नको. इतक्या साध्या नियमात श्रद्धा कुठून शिरेल, असं कुणालाही वाटेल. पण एका मालकांच्या बिलबुकात 419 नंतर थेट 421 होता. विचारलं तर म्हणाले, “420 नंबरचं बिल गिऱ्हाईकाच्या हातात कसं द्यायचं?” दुसऱ्या एकांनी दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन केलं, मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि शुभारंभ म्हणून नंबर पुन्हा एकपासून सुरू केला. त्यांचं वर्ष पाडव्याला बदललं, सरकारचं 1 एप्रिललाच बदलतं. त्यामुळे एकाच आर्थिक वर्षात एक नंबरची दोन बिलं झाली. एक एप्रिलमधल्या मिसळीचं, दुसरं पाडव्याच्या श्रीखंडाचं.

हे विनोदी वाटेल, पण महिन्याच्या जीएसटीआर-1 या विवरणपत्रात एक रकाना असतो. कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत बिलं काढली, त्यातली रद्द किती, हे तिथे लिहावं लागतं. 420 काढलंच नाही तर ते रद्द झालं का, फाडलं का, की त्याचे पैसे गल्ल्याऐवजी दुसरीकडे गेले, असा प्रश्न अधिकाऱ्याला पडतो. आणि ‘नंबर अशुभ होता’ हे उत्तर लिहायला फॉर्मात जागा नाही. फॅमिली हॉल आणि गार्डन असे दोन काउंटर असतील तर दोघांना वेगळी मालिका द्यावी, एकाला ‘एफ’ आणि दुसऱ्याला ‘जी’ लावून. नाहीतर दोन्ही मशीन एकाच संध्याकाळी तेच नंबर छापतात आणि महिनाअखेर आम्ही जुळ्यांची ओळख परेड घेत बसतो. चहा-वडापावच्या गाड्याचं काय, असं कुणी विचारेल. नोंदणी असली तरी दोनशे रुपयांच्या आतलं आणि गिऱ्हाईक मागत नसेल तर प्रत्येक कपाला बिल लागत नाही. दिवसाच्या शेवटी सगळ्यांचं मिळून एक करायचं. मागितलं तर मात्र द्यावं लागतं.

आता आपण त्या ओळीवर आलो जिच्यासाठी सगळा आटापिटा असतो : गिऱ्हाईकाचं नाव. आमच्या पट्ट्यात माणूस स्वतःच्या नावाने जेवतच नाही. जेवतो तो, पण बिल कंपनी खाते. अकरा जणांची टीम जेवून उठते, बाकीचे दहा गाडीकडे जातात आणि परचेसमधला एक जण काउंटरवर मोबाइलमधून जीएसटी नंबर वाचून दाखवू लागतो. मागे मिक्सर चालू असतो. “डी फॉर डेल्ही... नाही हो, बी नाही, डी!” एक अक्षर चुकलं की नंबर खोटा ठरतो किंवा, त्याहून वाईट, दुसऱ्याच कुणाचा निघतो, आणि अकरा जणांच्या चिकन हंडीचं बिल कुठल्या तरी अनोळखी व्यापाऱ्याच्या खात्यात जाऊन दिसतं. तोंडी घेऊ नये. लेखी घ्यावा, आणि टाइप केल्यावर येणारं नाव गिऱ्हाईकाला वाचून दाखवावं.

खरी गंमत पुढे आहे. कंपनीचं मुख्यालय पुष्कळदा परराज्यात असतं. नंबर 06 ने सुरू झाला म्हणजे हरियाणा, 33 म्हणजे तमिळनाडू. मॅनेजर हुशार असतो. त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की परराज्याला आयजीएसटी लागतो. तो लगेच अडीच-अडीच खोडून पाच टक्के आयजीएसटी लावतो. चुकतं ते इथे. हॉटेलच्या सेवेचं ठिकाण म्हणजे जिथे ताट वाढलं ते. ताट चाकणला, तर कर महाराष्ट्राचा; खाणाऱ्याचं मुख्यालय गुरुग्रामला असो की चेन्नईला. हंडी काही सीमा ओलांडून गेलेली नाही, आणि गेलीच असेल तर खाणाऱ्याच्या पोटातून.

आणि इतकं सगळं करून परचेसवाल्या साहेबांना मिळतं काय? क्रेडिट? जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) ने खाण्यापिण्यावरच्या कराचं क्रेडिट सरळ अडवलेलं आहे. कायद्याने चालवणं भागच असलेलं कारखान्याचं कँटीन असले मोजके अपवाद सोडले तर कंपनीला त्या पाच टक्क्यांतला एक पैसाही परत मिळत नाही. हे मी एकदा एका साहेबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “ते ठीक आहे हो. पण जीएसटी नंबर नसेल तर आमचा अकाउंटवाला बिल पास करत नाही.” अकाउंटवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “ऑडिटर मागतो.” ऑडिटरपर्यंत मी गेलो नाही, अशा साखळीच्या टोकाला बहुधा कुणीच नसतं. हॉटेलवाल्याला मात्र पर्याय नाही. गिऱ्हाईक नोंदणीकृत असेल आणि नंबर देत असेल, तर नाव, पत्ता, नंबर बिलावर घालावाच लागतो आणि ते बिल विवरणपत्रात वेगळं दाखवावं लागतं. म्हणून नंबर आधी विचारावा. बिल निघाल्यावर, पैसे दिल्यावर, पार्किंगमधून परत येऊन “अहो, कंपनीचं नाव राहिलं” म्हणणाऱ्यासाठी जुनं बिल खोडून त्यावर पेनाने नाव लिहू नये. ते नोंदीत रद्द दाखवावं आणि नवं काढावं.

नावाखाली पदार्थ. इथे आमच्या पट्ट्यातल्या कॅप्टन लोकांच्या अंगी एक सिद्धी आहे. कंपनी जेवणाचे पैसे देते, बिअरचे देत नाही. मग साहेब हळूच म्हणतात, “जरा ॲडजस्ट करा.” कॅप्टन मान हलवतो आणि सहा बिअरची पाच पनीर टिक्का आणि तीन व्हेज क्रिस्पी होतात. चार माणसांनी एका बैठकीत पाच पनीर टिक्का खाल्ल्याची बिलं मी पाहिली आहेत. त्यातले दोघे तर घरी नवरात्राचे उपवास करत होते. पण हे ॲडजस्टमेंट हॉटेलवाल्याच्या तीन वह्या एका दमात बिघडवतं. दारू जीएसटीत येतच नाही. तिच्यावर राज्याचा व्हॅट आहे. बिअरचं पनीर केलं की व्हॅट बुडतो, नसलेल्या पनीरवर जीएसटी भरावा लागतो आणि उत्पादन शुल्क खात्याच्या स्टॉक रजिस्टरमध्ये सहा बाटल्या कमी होऊनही विकल्याचं बिल सापडत नाही. परमिट रूमच्या रजिस्टरला पनीर समजत नाही.

आता ती ओळ, जिच्यावरून टेबलावर आवाज चढतात : सर्व्हिस चार्ज. हा कर नाही. जुना सर्व्हिस टॅक्स 1 जुलै 2017 ला जीएसटीत विरघळला. सर्व्हिस चार्ज हा हॉटेलने स्वतःच्या मनाने लावलेला आकडा. त्याचा इतिहास एखाद्या दिवाणी दाव्यासारखा लांबला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2017 च्या एप्रिलमध्ये सांगितलं की तो ऐच्छिक आहे. 4 जुलै 2022 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की तो आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या कुठल्या नावाने घेऊ नये, आणि जेवणात मिसळून त्या बेरजेवर जीएसटीही लावू नये. हॉटेलांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात स्थगिती आली. मधल्या काळात न्यायालयाने एका संघटनेच्या सभासदांना ‘सर्व्हिस चार्ज’ऐवजी ‘स्टाफ काँट्रिब्यूशन’ म्हणायला सांगितलं. शेवटी 28 मार्च 2025 ला न्यायालयाने प्राधिकरणाचे नियम उचलून धरले आणि दोन्ही संघटनांना एकेक लाखाचा खर्च ठोठावला. त्यावर पुढे अपील झालं, ते असो.

माझ्या एका पक्षकाराला यातलं फक्त नाव बदलण्याचं तेवढं आवडलं. त्याने ‘सर्व्हिस चार्ज’ काढला आणि ‘हॉस्पिटॅलिटी फी’ घातली. मी म्हटलं, दुसऱ्या नावाने नको, असंच तर ते म्हणतायत. त्याने पुढच्या आठवड्यात ‘आदरातिथ्य’ केलं. मराठीत लिहिल्यावर दिल्लीला काय कळतंय, असा त्याचा हिशेब होता.

“पण साहेब,” तो म्हणाला, “घेतला तर त्यावर जीएसटी भरायचा की नाही, ते तरी सांगा.” प्रश्न रास्त आहे. कर कायदा म्हणतो, विक्रीसाठी म्हणून बिलात जे जे लावाल ते किमतीचाच भाग, त्यामुळे घेतलात तर त्यावर पाच टक्के भरा. ग्राहक कायदा म्हणतो, बिलात घेऊच नका. यात विरोध काही नाही. पहिला चुकीचा हिशेब विचारतो, दुसरा चूकच करू नका म्हणतो. वाट एकच आहे : बिल खाद्यपदार्थ आणि कर इथेच संपवावं, आणि वेटरसाठी ज्याला जे द्यायचं ते त्याने बिल पाहून झाल्यावर राजीखुशीने द्यावं. वेटरांचा पगार वाढवायचा असेल तर थाळीचा भाव वाढवावा. तो अधिकार मालकाचा कुणी काढून घेतलेला नाही.

एक बिल प्रत्यक्ष सोडवून दाखवतो, म्हणजे हे सगळं रुपयांत दिसेल. चाकणच्या बाजूची परमिट रूम, सहा जण. जेवण 3200 रुपयांचं, दारू 1800 ची. व्हॅट दोन्ही हिशेबांत सारखाच, म्हणून बाजूला ठेवू. मशीनने केलं काय, तर सगळ्याची बेरीज 5000, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज 500, आणि त्या 5500 वर पाच टक्के जीएसटी 275. एकूण 5775. खरं बिल असं हवं : जेवण 3200, त्यावर सीजीएसटी 80 आणि एसजीएसटी 80, झाले 3360, दारू 1800 वेगळी. एकूण 5160.

फरक 615 रुपयांचा. त्यातले 500 सर्व्हिस चार्जचे, 25 त्या चार्जवरच्या जीएसटीचे आणि 90 दारूवर लावलेल्या जीएसटीचे. टेबलावरचे सहाही जण 500 वर भांडतील, कारण ती ओळ ठळक आहे. 25 कुणाला दिसणार नाहीत. आणि 90 रुपयांना तर ते ‘सरकारचे’ म्हणून मान तुकवतील, जे सरकारने मागितलेच नव्हते. चूक मालकाच्या लबाडीतून आलीय असंही नाही. बिलाचं मशीन बसवताना ज्या पोराने पदार्थ भरले त्याने ‘बिअर’ आणि ‘बटर रोटी’ला एकच कराचा गट दिला, तेव्हापासून मशीन इमानेइतबारे चुकतंय. मालकाने बघायचं तर फार सोपं आहे : एक दारू आणि एक रोटी असं चाचणीचं बिल काढावं आणि जीएसटीची रक्कम फक्त रोटीच्या पाच टक्क्यांइतकी येते का ते पाहावं. गिऱ्हाईकाने पाहायचं तेही एवढंच. काउंटरवर ऐकून घेतलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे.

सगळ्यात खाली, ‘धन्यवाद, पुन्हा या’च्या अलीकडे, आमच्याकडच्या बिलांवर अजून बारीक अक्षरांत छापलेलं असतं : ‘भूलचूक देणेघेणे’. मालकाला वाटतं, हे चार शब्द वरच्या सगळ्या ओळींना माफी देतात. वस्तुस्थिती इतकीच आहे की जास्त लावलेला कर परत द्यायचा असेल तर क्रेडिट नोट काढावी लागते, आणि तिला ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतची मुदत असते. त्यानंतर भूलचूक राहते, देणे राहते. घेणे तेवढं बंद होतं.